तीन वर्षांच्या संशोधन प्रकल्पाचे अंदाजपत्रक: वर्षांचे रकाने, महागाईची वाढ आणि संचित बेरीज

संशोधन प्रकल्पांना अनुदान देणारी केंद्राची व्यवस्था गेल्या दोन-तीन वर्षांत बदलली आहे. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा २०२३ मध्ये झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये तो अमलात आला आणि जुने सर्ब म्हणजे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झाले. त्यामुळे यापूर्वी कधीही प्रस्ताव न पाठवलेले संलग्न महाविद्यालयांतील अनेक अध्यापक आता पहिला प्रस्ताव लिहीत आहेत. शास्त्रीय भाग ते आत्मविश्वासाने लिहितात, पण अंदाजपत्रकाच्या पानाशी येऊन थांबतात. पहिले वर्ष, दुसरे वर्ष, तिसरे वर्ष आणि एकूण असे चार रकाने समोर असतात, आणि पहिल्या वर्षाचा आकडा ठरला तरी पुढच्या दोन वर्षांचे आकडे कुठून आणायचे हे कुठेच लिहिलेले नसते. बहुतेक जण मग पहिल्या वर्षाची रक्कम दहा टक्क्यांनी वाढवत नेतात. ही पद्धत का चुकते आणि तिच्या जागी काय करावे, हे एका उदाहरणातून पाहू.

उदाहरण कल्पित आहे, पण त्यातले नियम खरे आहेत. नाशिकच्या एका महाविद्यालयाला जिल्ह्यातील विहिरींच्या पाण्याची तपासणी तीन वर्षे करायची आहे. त्यासाठी एक संशोधक विद्यार्थी, एक उपकरण, रसायने, गावोगावचा प्रवास, उपकरणाची देखभाल आणि किरकोळ खर्च एवढ्या गोष्टी लागणार आहेत.

## रक्कम वाढत नाही, दर वाढतो

महागाईमुळे वाढतो तो एका नगाचा दर. आपण किती नग वापरणार हे आपल्या कामाच्या आखणीवर ठरते आणि महागाईचा त्याच्याशी काही संबंध नसतो. घरातल्या दुधाच्या हिशेबात हे आपण रोज पाळतो. दिवाळीच्या महिन्यात बिल दीडपट आले तर दूध दीडपट महागले असे कोणी म्हणत नाही, कारण पाहुण्यांमुळे लिटर वाढले हे ठाऊक असते. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात मात्र लिटर आणि भाव एकाच आकड्यात कालवले जातात आणि त्या मिश्रणावर टक्केवारी चढवली जाते.

आपल्या प्रकल्पात पहिल्या वर्षी पद्धत बसवण्यात वेळ जाणार आहे, म्हणून १२० नमुने तपासायचे आहेत. दुसरे वर्ष भराचे आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशा दोन फेऱ्यांत मिळून २४० नमुने होतील. तिसऱ्या वर्षी विश्लेषण आणि लेखन चालू असताना पुन्हा १२० नमुने घ्यायचे आहेत. आजच्या भावाने एका नमुन्याला १,००० रुपयांची रसायने व इतर उपभोग्य साहित्य लागते आणि या दरात वर्षाला ६ टक्के वाढ धरली आहे, असे समजू. दुसऱ्या वर्षी एका नमुन्याचा दर १,०६० रुपये होतो आणि खर्च २,५४,४०० रुपये. तिसऱ्या वर्षी दर १,१२३.६० रुपये होतो, पण नमुने निम्मे झाल्याने खर्च १,३४,८३२ रुपयांवर येतो. म्हणजे महागाई वाढत असताना रक्कम खाली आली, आणि हेच बरोबर आहे. मागच्या वर्षाची रक्कम ६ टक्क्यांनी वाढवणाऱ्याने तिसऱ्या वर्षी दोन लाख सत्तर हजारांच्या आसपास रक्कम मागितली असती आणि नमुन्यांच्या तक्त्याशी ती ताडून पाहणाऱ्या परीक्षकाच्या लगेच लक्षात आले असते की मागणी दुप्पट आहे.

## प्रत्येक शीर्षाला महागाई लागत नाही

अंदाजपत्रकातील खर्चाच्या प्रत्येक ओळीला शीर्ष म्हणतात. मनुष्यबळ, उपकरणे, उपभोग्य साहित्य, प्रवास, किरकोळ खर्च ही नेहमीची शीर्षे आहेत. त्यांपैकी काही बाजारभावावर चालतात, तर काही सरकारी आदेशावर. महागाईची वाढ फक्त बाजारभावावर चालणाऱ्या शीर्षांना लावायची.

आदेशावर चालणाऱ्या शीर्षाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे संशोधक विद्यार्थ्याचे विद्यावेतन. जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन छात्राचे मासिक विद्यावेतन जानेवारी २०१९ पासून ३१,००० रुपये होते आणि जानेवारी २०२३ पासून ते ३७,००० झाले. एसआरएफ म्हणजे वरिष्ठ संशोधन छात्राचे ३५,००० वरून ४२,००० झाले. मधल्या चार वर्षांत भाजीपासून भाड्यापर्यंत सगळे महागले, पण या आकड्यात एका रुपयाचाही फरक पडला नाही. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ते अन्यायकारकच होते, आणि त्यासाठी त्यांना आंदोलने करावी लागली. परंतु अंदाजपत्रक लिहिणाऱ्याने दुसऱ्या वर्षाच्या विद्यावेतनावर ६ टक्के चढवले, तर ती रक्कम कोणत्याही आदेशात बसत नाही आणि ती कापली जाते. विद्यावेतन पुढे वाढलेच, तर त्याचा आदेश वेगळा निघतो आणि वाढीव रकमेची मागणी वेगळी करता येते.

विद्यावेतनात एकच वाढ आधीपासून माहीत असते, ती म्हणजे दोन वर्षे पूर्ण झाल्यावर नियमानुसार जेआरएफचा एसआरएफ होणे. म्हणून या दोघांच्या दोन स्वतंत्र ओळी ठेवाव्यात आणि नगाच्या जागी महिने लिहावेत. नाशिक हे घरभाडे भत्त्यासाठी वाय गटातील शहर आहे आणि जानेवारी २०२४ पासून या गटाचा दर २० टक्के आहे. वसतिगृहाची सोय नसेल, तर जेआरएफचा महिन्याचा खर्च ३७,००० अधिक ७,४०० म्हणजे ४४,४०० रुपये आणि एसआरएफचा ५०,४०० रुपये होतो. हाच प्रकल्प पुण्यात असता तर एक्स गटाचा ३० टक्के दर लागला असता. दुसऱ्या शहरातील मित्राचे अंदाजपत्रक जसेच्या तसे उतरवून घेणे या एका कारणानेही धोक्याचे आहे.

उपकरण पहिल्याच वर्षी घ्यायचे असेल तर विक्रेत्याच्या दरपत्रकातील रक्कम लिहावी, त्यावर वाढ लावू नये. किरकोळ खर्च अनुदानसंस्था ठरावीक मर्यादेत देते, म्हणून तोही तसाच ठेवावा.

## एकच सूत्र, सगळ्या ओळींना

तक्त्याची मांडणी अशी ठेवावी. A रकान्यात शीर्षाचे नाव, B मध्ये आजचा दर, C मध्ये वार्षिक वाढीचा टक्का, D ते F मध्ये तीन वर्षांचे नग, G ते I मध्ये तीन वर्षांचा खर्च आणि J मध्ये ओळीची बेरीज. G3, H3 आणि I3 या घरांत अनुक्रमे 1, 2, 3 हे वर्षांचे क्रमांक लिहावेत. शीर्षे पाचव्या ओळीपासून सुरू होतात, असे धरले तर G5 मध्ये हे सूत्र येते:

```
=ROUND($B5*(1+$C5)^(G$3-1)*D5,0)
```

हे सूत्र उजवीकडे आणि खाली ओढले की पूर्ण तक्ता भरतो. वर्षक्रमांकातून एक वजा केल्यामुळे पहिल्या वर्षी वाढ शून्य राहते, दुसऱ्या वर्षी एकदा लागते आणि तिसऱ्या वर्षी दोनदा. विद्यावेतनाच्या ओळीत C मध्ये शून्य टाकले की तेच सूत्र दर न वाढवता चालते. डॉलरचे चिन्ह ज्या अक्षराच्या किंवा अंकाच्या आधी आहे, तो भाग सूत्र ओढताना हलत नाही. चिन्ह चुकीच्या जागी पडले, तर दुसऱ्या वर्षाचे सूत्र C ऐवजी D मधला नगांचा आकडा टक्का म्हणून वाचते आणि खर्च कोटींच्या पलीकडे जातो. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारी चूक आता येते.

अनेक जण दुसऱ्या वर्षाचा खर्च काढताना मागच्या रकान्यावर टक्का लावतात, म्हणजे `=G10*1.05` असे लिहितात. उपकरणाच्या वार्षिक देखभाल करारात ही पद्धत फसते. आपले उपकरण पहिली दोन वर्षे वॉरंटीत आहे, म्हणून देखभालीचा खर्च तिसऱ्या वर्षीच येतो. मागचा रकाना शून्य असल्याने शून्याची ५ टक्के वाढही शून्यच येते आणि शीर्ष गुपचूप रिकामे राहते. ते लक्षात आल्यावर कोणी हाताने आजचा ४०,००० हा आकडा तिथे टाईप करतो, पण तो दोन वर्षांनी कमी पडणार असतो. वरच्या सूत्रात प्रत्येक वर्ष थेट आजच्या दराशी जोडलेले असल्यामुळे तिसऱ्या वर्षी ४४,१०० रुपये आपोआप येतात.

प्रवासाचा दर क्षेत्रभेटीच्या दिवसाला २,४०० रुपये, वाढ ५ टक्के आणि दिवस ३०, ६०, ३० असे धरले, तर तयार तक्ता असा दिसतो:

| शीर्ष | वर्ष १ | वर्ष २ | वर्ष ३ | एकूण |
|---|---|---|---|---|
| जेआरएफ | ५,३२,८०० | ५,३२,८०० | ० | १०,६५,६०० |
| एसआरएफ | ० | ० | ६,०४,८०० | ६,०४,८०० |
| उपकरण | ६,५०,००० | ० | ० | ६,५०,००० |
| उपभोग्य साहित्य | १,२०,००० | २,५४,४०० | १,३४,८३२ | ५,०९,२३२ |
| प्रवास | ७२,००० | १,५१,२०० | ७९,३८० | ३,०२,५८० |
| देखभाल करार | ० | ० | ४४,१०० | ४४,१०० |
| किरकोळ | ५०,००० | ५०,००० | ५०,००० | १,५०,००० |
| वर्षाची बेरीज | १४,२४,८०० | ९,८८,४०० | ९,१३,११२ | ३३,२६,३१२ |
| संचित बेरीज | १४,२४,८०० | २४,१३,२०० | ३३,२६,३१२ | |

रिकाम्या घरांत शून्य मुद्दाम लिहिले आहे. घर कोरे सोडले तर तिथे खर्च नाही की आकडा भरायचा राहिला, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

आकडे लाख-कोटींच्या पद्धतीने दिसावेत हीदेखील वाचकाची सोय आहे. संगणकावर पुष्कळदा ३३,२६,३१२ ऐवजी 3,326,312 असे स्वल्पविराम पडतात आणि लेखा विभागातील माणूस अडखळतो. घराच्या कस्टम फॉरमॅटमध्ये पुढील मजकूर दिला की ते सुधारते. उणे आकड्यांना मात्र हा फॉरमॅट लाखांची विभागणी देत नाही.

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

## वाढीचा टक्का कुठून आणायचा?

पहिला आक्षेप साहजिकपणे हाच येतो की पुढच्या वर्षीची महागाई कोणालाच माहीत नाही, मग ६ टक्के म्हणजे हवेतला आकडा नाही का? टक्का हा अंदाज आहे हे खरेच, पण शून्य हाही अंदाजच आहे आणि तो निश्चितपणे चुकणारा आहे. रिझर्व्ह बँकेचे किरकोळ महागाईचे उद्दिष्ट २०१६ पासून ४ टक्के आहे आणि वरखाली २ टक्क्यांची मुभा आहे, त्यामुळे ४ ते ६ टक्क्यांच्या दरम्यानचा आकडा समजावून सांगता येतो. तरीही किरकोळ महागाई हा घरखर्चाचा निर्देशांक आहे, प्रयोगशाळेचा नव्हे. आयात होणाऱ्या रसायनांचा भाव डॉलरच्या दराबरोबर हलतो. त्यांच्यासाठी त्याच पुरवठादाराची गेल्या तीन वर्षांची बिले काढून त्याच वस्तूचा दर कसा चढला ते पाहणे, हा माझ्या मते कोणत्याही निर्देशांकापेक्षा भक्कम आधार आहे. म्हणूनच टक्का प्रत्येक ओळीला वेगळा ठेवला आहे.

वाढ सरळ धरावी की चक्रवाढ, हा दुसरा प्रश्न. तीन वर्षांच्या प्रकल्पात फरक नगण्य असतो. एका नमुन्याचा दर सरळ वाढीने १,१२० आणि चक्रवाढीने १,१२३.६० येतो. पाच वर्षांच्या प्रकल्पात शेवटच्या वर्षी तो १,२४० आणि १,२६२.४८ असा होतो, आणि हजारो नमुने असतील तर हा फरक जाणवतो. भाव मागच्या भावावर चढतात, म्हणून चक्रवाढच वापरावी. कोणती वापरली तेही तक्त्याखाली लिहावे, नाहीतर पडताळणी करणाऱ्याचे गणित आपल्याशी जुळत नाही.

## संचित बेरीज आणि स्वतःला फसवणारी तपासणी

संचित बेरीज म्हणजे प्रकल्पाच्या आरंभापासून त्या वर्षाच्या अखेरपर्यंतचा एकूण खर्च. वर्षांची बेरीज बाराव्या ओळीत असेल, तर तेराव्या ओळीत G13 मध्ये हे सूत्र द्यावे आणि उजवीकडे ओढावे:

```
=SUM($G12:G12)
```

शेवटच्या वर्षाची संचित बेरीज आणि ओळींच्या बेरजांची बेरीज एकच यायला हवी. हीच तपासणी `=I13-J12` अशी एका घरात कायम ठेवावी आणि तिथे शून्य दिसले पाहिजे. मात्र J12 मध्ये `=SUM(J5:J11)` असायला हवे, म्हणजे ती बेरीज वरून खाली आलेली असली पाहिजे. तिथे `=SUM(G12:I12)` लिहिले, तर दोन्ही आकडे एकाच ओळीतून निघतात आणि तक्त्यात कितीही चुका असल्या तरी तपासणी शून्यच दाखवते. नवी ओळ शेवटच्या शीर्षाखाली घातली आणि बेरजेच्या सूत्राची कक्षा वाढली नाही, असे वारंवार घडते. आडवी आणि उभी बेरीज स्वतंत्र असतील, तरच ते उघडे पडण्याची शक्यता असते.

सूत्रात ROUND का घातले, तेही याच संदर्भात कळते. संगणक घरात पैसे दाखवत नसला तरी मनात ठेवतो, आणि छापील तक्त्यातील आकडे हाताने मिळवले तर बेरीज एक-दोन रुपयांनी चुकते. प्रत्येक घरातच पूर्णांक केला की जे दिसते तेच मिळवले जाते.

## संस्थेचा वाटा कशावर काढायचा?

वीज, जागा आणि कार्यालयीन कामासाठी संस्थेला मिळणाऱ्या रकमेला ओव्हरहेड म्हणतात. समजा नियम ‘एकूण खर्चाच्या १० टक्के’ असा आहे. एकूण म्हणजे ओव्हरहेड धरण्याआधीची रक्कम असेल, तर ३३,२६,३१२ वर ३,३२,६३१ रुपये होतात. एकूण म्हणजे ओव्हरहेडसह रक्कम असेल, तर थेट खर्चाचा नववा भाग घ्यावा लागतो आणि तो ३,६९,५९० येतो. एका शब्दाच्या अर्थावर सदतीस हजारांचा फरक पडतो. दुसरा अर्थ सरळ सूत्रात मांडायला गेले, तर बेरीज ओव्हरहेडवर आणि ओव्हरहेड बेरजेवर अवलंबून राहते आणि संगणक वर्तुळाकार संदर्भाची सूचना देतो. ती सूचना बंद न करता नऊने भागण्याचा मार्ग घ्यावा. प्रस्ताव मागवणाऱ्या आवाहनपत्रात आधार स्पष्ट नसेल, तर फोन करून विचारावे. काही ठिकाणी उपकरणाची रक्कम या आधारातून वगळलेली असते.

## प्रकल्पाचे वर्ष आणि सरकारचे वर्ष

संचित बेरजेचा खरा उपयोग पैसे आल्यानंतर होतो. तक्त्यातील पहिले वर्ष मंजुरीच्या तारखेपासून मोजले जाते, तर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान कशावर खर्च झाले याचा दाखला, मार्चअखेर संपणाऱ्या आर्थिक वर्षाचे द्यावे लागते. आपला प्रकल्प १ ऑक्टोबरला सुरू झाला असे धरू. ३१ मार्चपर्यंत उपकरण आले आणि बाकीचा खर्च समान गतीने झाला, तर ६,५०,००० अधिक ३,८७,४०० मिळून १०,३७,४०० रुपये खर्च झालेले असतील. पहिल्या वर्षाच्या १४,२४,८०० या आकड्याशी तुलना केली, तर पावणेचार लाखांहून अधिक रक्कम अखर्चित दिसते आणि घाबरून मार्चमध्ये नको ती खरेदी होते. प्रत्यक्षात प्रकल्प अगदी वेळेवर चाललेला असतो. म्हणून मंजुरी मिळाल्यावर त्याच तक्त्याची तिमाही आवृत्ती करावी आणि तिच्यातील संचित ओळीशी प्रत्यक्ष खर्चाची संचित ओळ ताडून पाहावी.

भांडवली आणि इतर खर्चाच्या संचित ओळी वेगवेगळ्या ठेवाव्यात. सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील १२-अ या प्रमाणपत्रात भांडवली मालमत्तेसाठीचे अनुदान स्वतंत्र दाखवावे लागते, आणि परवानगीशिवाय उपकरणाचे पैसे रसायनांकडे वळवता येत नाहीत. एकच संचित आकडा पाहणाऱ्याला एकूण शिल्लक दिसते, पण रसायनांचे शीर्ष संपलेले आहे हे कळत नाही. संशोधक विद्यार्थी तीन महिने उशिरा रुजू झाला, तर मनुष्यबळाचे शीर्ष असेच मागे राहते. तेव्हा महिन्यांच्या रकान्यात जेआरएफचे १२, १२, ० बदलून ९, १२, ३ आणि एसआरएफचे ०, ०, ९ केले की नवा हिशेब लगेच मिळतो.

## अनुदानसंस्था महागाई मान्यच करत नसेल तर?

बहुतेक अर्जांत महागाईचा वेगळा रकाना नसतो, त्यामुळे ती मागता येत नाही असा समज होतो. वेगळी ओळ खरोखरच घालू नये. वाढ प्रत्येक शीर्षाच्या वार्षिक आकड्यातच बसलेली असावी आणि समर्थनाच्या परिच्छेदात एक वाक्य असावे: ‘तिसऱ्या वर्षी १२० नमुने, आजचा दर १,००० रुपये, वार्षिक ६ टक्के चक्रवाढीने १,१२३.६० रुपये’. आवाहनपत्रात वाढ धरू नये असे स्पष्ट लिहिले असेल, तर C रकान्यात शून्य टाकावे. आपल्या उदाहरणात मागणी त्यामुळे ४७,९१२ रुपयांनी कमी होते, आणि तेवढे काम कुठे कमी करायचे हे आधीच ठरवून ठेवावे लागते.

मंजुरीच्या वेळी रक्कम कापली गेली, तरी हीच मांडणी उपयोगी पडते. कात्री लागल्यावर दर खाली ओढण्याचा मोह होतो, पण ९०० रुपयांत एक नमुना तपासून होणार नसतो. कमी करायचे ते नग. दुसऱ्या वर्षीचे २४० नमुने २०० केले, तर रसायनांत ४२,४०० रुपये वाचतात. क्षेत्रभेटीचे दिवस त्याच प्रमाणात ६० वरून ५० वर आले, तर प्रवासात आणखी २५,२०० रुपये वाचतात. सुधारित तक्त्यासोबत सुधारित उद्दिष्टेही पाठवावीत, म्हणजे तीन वर्षांनी अंतिम अहवालात ४८० नव्हे, तर मंजूर झालेल्या ४४० नमुन्यांचाच हिशेब द्यावा लागेल.